किती सेकंदांची क्लिप? प्रश्नच चुकला आहे

मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केले आणि आठवडाभर सगळा इंटरनेट दोन तटांत विभागला गेला. त्याच्या म्हणण्यानुसार, त्याच्या एका व्हिडिओत एएनआयचं ११ सेकंदांचं आणि दुसऱ्यात ९ सेकंदांचं फुटेज होतं. त्यावरून यूट्यूबने चॅनलवर कॉपीराइटभंगाचे शेरे मारले, म्हणजे स्ट्राइक बसले, आणि ते मागे घेऊन परवाना देण्यासाठी त्याच्याकडे पन्नास लाखांच्या घरातली रक्कम मागण्यात आली. एएनआयचं म्हणणं होतं की फुटेज आमचं आहे, ते विनापरवाना वापरलं आणि आम्ही आमचा कायदेशीर हक्क बजावला. प्रकरण कोर्टात गेलं. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. त्या आठवड्यात लोकांनी जो वाद घातला, तो मात्र दोन्ही बाजूंनी इतका चुकीचा होता की त्याचा समाचार घ्यायला हवा.

एक बाजू म्हणत होती, ‘अरे, फक्त नऊ सेकंद! एवढं तर फेअर यूजमध्ये, म्हणजे परवान्याशिवायच्या रास्त वापरात, चालतं.’ दुसरी बाजू म्हणत होती, ‘दुसऱ्याचा माल एक सेकंद वापरला तरी चोरीच.’ वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांच्या हातात स्टॉपवॉच एकच आहे. माझं म्हणणं असं की ते स्टॉपवॉच आधी बाजूला ठेवलं पाहिजे. दुसऱ्याच्या चित्रपटाची किंवा बातमीची क्लिप आपल्या भाष्यात घालणं योग्य की अयोग्य, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: ती क्लिप तुमच्या बोलण्याचा विषय आहे, की तुम्ही बोलत असताना पडदा रिकामा दिसू नये म्हणून लावलेली आहे? कायद्यात आणखीही प्रश्न आहेत, पण याचं उत्तर दिल्याशिवाय बाकीच्यांना हात घालता येत नाही.

सुरुवात सगळ्यात केविलवाण्या समजापासून करू. कितीतरी मराठी आणि हिंदी व्हिडिओंच्या डिस्क्रिप्शनमध्ये एक इंग्रजी परिच्छेद चिकटवलेला असतो. ‘कॉपीराइट ॲक्ट १९७६च्या कलम १०७ नुसार’ अशी त्याची सुरुवात असते आणि पुढे टीका, बातमी, अध्यापन, संशोधन यांची यादी येते. हा कायदा अमेरिकेचा आहे. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो कलम ७९ ला संपतो. म्हणजे साताऱ्यात बसून, मराठी सिनेमावर, मराठी प्रेक्षकांसाठी केलेल्या व्हिडिओचं रक्षण आपण अशा कलमाच्या भरवशावर सोडतो, ज्या क्रमांकाचं कलम आपल्या कायद्यात नाहीच. आणि समजा, योग्य कलमाचा क्रमांक टाकला, तरी काय? एखादी कृती कायद्याच्या अपवादात बसते की नाही हे ती कृती कशी आहे त्यावरून ठरतं, खाली काय लिहिलं आहे त्यावरून नाही. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ हे वाक्य तर उलट अंगावर येऊ शकतं, कारण माल दुसऱ्याचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, याची ती तुम्हीच दिलेली कबुली असते. ‘क्रेडिट दिलंय ना’ याचंही तेच. मूळ मालकाचं नाव लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे आणि तो असावाच. पण नाव लिहिल्याने परवाना मिळत नाही.

आता सेकंदांकडे येऊ. सात सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद, दहा टक्के हे आकडे नेमके आले कुठून हे कुणी सांगत नाही, पण एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतात. भारताच्या कायद्यात असा आकडा नाही, अमेरिकेच्या नाही, ब्रिटनच्याही नाही. आणि न्यायालयांनी दिलेले निकाल पाहिले तर आकड्यांवरचा विश्वास दोन्हीकडून ढासळतो.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध व्हायच्या आधीच १९७९ मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकाने त्यातला मजकूर छापला. सुमारे दोन लाख शब्दांच्या हस्तलिखितातले जेमतेम तीनशे ते चारशे शब्द त्यांनी जसेच्या तसे घेतले होते. विषय सार्वजनिक महत्त्वाचा होता, निक्सन यांना दिलेल्या माफीचा. तरीही १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साप्ताहिकाच्या विरोधात निकाल दिला. शब्द थोडे होते, पण ज्या भागासाठी लोक पुस्तक विकत घेणार होते तोच भाग उचलला होता, आणि त्या उताऱ्यांचे हक्क घेतलेल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने पुढचे पैसे देणं थांबवलं होतं. थोडक्यात घेतलं म्हणून सुटका झाली नाही.

याच्या उलट टोकाला ब्रिटनमधला १९९३ चा निकाल आहे. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ हा चित्रपट ब्रिटनमध्ये वितरणातून मागे घेतलेला होता आणि वीस वर्षं तो तिथे कायदेशीरपणे पाहता येत नव्हता. चॅनल फोरने त्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला आणि त्यात मूळ चित्रपटातल्या बारा क्लिप वापरल्या. एकूण लांबी साडेबारा मिनिटं. म्हणजे चित्रपटाचा आठ टक्के भाग आणि कार्यक्रमाचा चाळीस टक्के. टाइम वॉर्नर कोर्टात गेली. अपील न्यायालयाने चॅनल फोरच्या बाजूने कौल दिला. कार्यक्रमाचा विषय तो चित्रपट आणि तो दाबून ठेवण्याचा निर्णय हाच होता आणि चित्रपट न दाखवता त्यावर गंभीर टीका करता आली नसती. या खटल्यात आणखी एक तपशील आहे, जो आपल्याकडे फार उपयोगी पडेल. चॅनलने त्या क्लिप पॅरिसमध्ये विकत घेतलेल्या लेझर डिस्कवरून घेतल्या होत्या. क्लिप मिळवली कशी, यावरून प्रामाणिक टीका सहसा अप्रामाणिक ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

साडेबारा मिनिटं चालली आणि तीनशे शब्द चालले नाहीत. आता सांगा, दहा सेकंदांचा नियम कुठे बसवायचा?

परदेशातले दाखले कशाला, असं कुणी म्हणेल, तर केरळकडे पाहा. तोप्पिल भासी यांच्या १९५०च्या दशकातल्या गाजलेल्या कम्युनिस्ट नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी १९९०च्या दशकात प्रतिनाटक लिहिलं. त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि बराच मजकूर होता. भासींच्या वारसांनी प्रयोग थांबवण्याची मागणी केली. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती मान्य केली नाही. न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या: टीकेच्या मानाने किती आणि किती मोलाचा मजकूर घेतला, कशासाठी घेतला, आणि नवं नाटक मूळ नाटकाची जागा घेईल का. पहिल्या कसोटीतले शब्द नीट वाचा. मजकूर ‘टीकेच्या मानाने’ किती, हे पाहिलं गेलं. लांबी मोजायचीच असेल तर ती अशी मोजायची असते.

आपल्या कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं? त्यातल्या पहिल्याच पोटकलमात तीन कारणांसाठी ‘फेअर डीलिंग’ची मुभा आहे: खासगी वापर व संशोधन, त्या किंवा दुसऱ्या कलाकृतीची समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. अमेरिकेत यादी उघडी आहे, ‘अशा प्रकारच्या’ इतर कारणांनाही जागा आहे. आपल्याकडे यादी बंद आहे. विनोद, मनोरंजन, ‘व्हिडिओला जरा जान यावी म्हणून’ ही कारणं तिच्यात नाहीत. आणि चित्रपट या मुभेखाली स्पष्टपणे आले ते २०१२ च्या दुरुस्तीने. त्याआधी हे पोटकलम साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृती एवढ्यांपुरतंच बोलत होतं. म्हणजे चित्रपटाचा तुकडा दाखवून चित्रपटाची समीक्षा करण्याचा आपला हक्क या रूपात अजून फार जुना नाही. तो नीट वापरला तरच रुजेल.

समीक्षा ‘कलाकृतीची’ हवी, हा बारकावा बहुतेक भाष्यकारांच्या नजरेतून सुटतो. धरणाच्या धोरणावर, मंत्र्यावर किंवा पोलिसांच्या तपासावर तुम्ही कितीही जळजळीत टीका केली, तरी ती त्या बातमीच्या फुटेजवरची टीका होत नाही. तिथे तुम्हाला तिसऱ्या दारातून, म्हणजे चालू घडामोडींच्या वार्तांकनातून जावं लागतं, आणि तिथले प्रश्न वेगळे आहेत.

हे एका उदाहरणातून पाहू. समजा, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरावर आज कुणी चौदा मिनिटांचा व्हिडिओ करतंय. विषय आहे वाहिन्यांनी पूर कसा दाखवला. त्यात तीन क्लिप आहेत. पहिलीत एका वाहिनीचा वार्ताहर कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला सलग तीन वेळा विचारतो, ‘तुम्हाला आत्ता काय वाटतंय?’ ही क्लिप बावीस सेकंदांची. ती थांबवून भाष्यकार सांगतो की या प्रश्नातून माहिती काहीच मिळत नाही, बाईला मदत कुठे मागायची हे विचारलं असतं तर बातमी झाली असती. दुसऱ्या क्लिपमध्ये एका वृत्तसंस्थेचं ड्रोनचं दृश्य आहे, पुराच्या पाण्यात बुडालेली छपरं. नऊ सेकंद. ते चालू असताना मागे आवाज अलमट्टीच्या विसर्गाबद्दल बोलतो. तिसरी एका सिनेमातल्या गाण्याची, फक्त सहा सेकंदांची. सरकारी बैठकीचा उल्लेख आला की हशा पिकावा म्हणून टाकलेली.

स्टॉपवॉचवाल्यांना विचारलं तर सहा सेकंदांची सगळ्यात सुरक्षित आणि बावीस सेकंदांची सगळ्यात धोक्याची. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. बावीस सेकंदांची क्लिप हाच टीकेचा विषय आहे. ती काढली तर प्रेक्षकाला भाष्यकाराच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, आणि वाहिनीवर अन्याय झाला की नाही हेही त्याला तपासता येणार नाही. तिसऱ्यांदा प्रश्न विचारला जातो तोपर्यंत क्लिप चालू ठेवणंही आवश्यक आहे, कारण मुद्दाच तीन वेळा विचारण्याचा आहे. त्यापुढे वार्ताहर स्टुडिओशी बोलतो तो भाग मात्र ठेवायचं कारण नाही. ड्रोनचं दृश्य काढलं तर विसर्गाबद्दलचं एकही वाक्य पडत नाही. पूर येऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याला चालू घडामोडींचं वार्तांकन म्हणणंही अवघड आहे. तिथे विसर्गाच्या आकड्यांचा आलेख लावला तर व्हिडिओ उलट भक्कम होईल. आणि गाणं? त्यावर ना टीका, ना ती बातमी. शिवाय यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा सगळ्यात आधी पकडते ते संगीतच.

एडिटरला टेबलावर करता येईल अशी चाचणी यातून निघते. क्लिप काढा आणि निवेदन पुन्हा ऐका. वाक्य तसंच उभं राहिलं तर क्लिप सजावट होती. वाक्य अर्धवट वाटलं तर क्लिप पुरावा होती. हीच चाचणी ‘अमुक सिनेमा दहा मिनिटांत’ छापाच्या चॅनलांना लावा. सिनेमाची सगळी दृश्यं क्रमाने, आवाज बंद करून, आणि वर गोष्ट सांगणारा आवाज. त्यात एकही मत नसतं. शेवट कळला की सिनेमा पाहायची गरज उरत नाही. ही समीक्षा नाही, हा गोष्टीचा गोषवारा आहे, आणि दृश्य उलटं फिरवलं, बाजूला चौकट लावली, आवाज थोडा चढवला म्हणून तो समीक्षा होत नाही. या युक्त्या तर हेतूच उघडा पाडतात. ज्याला आपला वापर रास्त वाटतो, तो लपवाछपवी कशाला करेल?

रिॲक्शन व्हिडिओंबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असाच भेद केला. इथन आणि हिला क्लाइन या जोडप्याने दुसऱ्या एका यूट्यूबरच्या पाच मिनिटं चोवीस सेकंदांच्या व्हिडिओतली तीन मिनिटं पंधरा सेकंद, म्हणजे साठ टक्के भाग, आपल्या व्हिडिओत वापरला. दर थोड्या वेळाने क्लिप थांबवून ते त्यातल्या संवादांची आणि वृत्तीची खिल्ली उडवत होते. न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला. पण त्याच निकालात बजावलं की सगळे रिॲक्शन व्हिडिओ यात येतात असं समजू नका. काहींत टीका नसतेच, चार जण एकत्र बसून मूळ व्हिडिओ बघतात एवढंच असतं. हा निकाल आपल्याकडे अनेक जण दाखल्यासारखा फेकतात, ही दुसरी ओळ गाळून.

बातमीच्या फुटेजवर टीका करणाऱ्यांसाठी सगळ्यात जवळचा दाखला ब्रिटनमधलाच आहे. १९९६ मध्ये आठ गर्भ पोटात असलेल्या एका स्त्रीची मुलाखत एका जर्मन वाहिनीने पैसे देऊन घेतली होती. कार्लटन या ब्रिटिश वाहिनीने ‘पैसे देऊन मुलाखती विकत घेणारी पत्रकारिता’ या विषयावर कार्यक्रम केला आणि त्यात जर्मन वाहिनीचे तीस सेकंद दाखवले. खालच्या न्यायाधीशाने हा भंग ठरवला. अपील न्यायालयाने १९९८ च्या शेवटी तो निकाल फिरवला. समीक्षा म्हणजे फक्त कॅमेरा कसा लावला, संवाद कसे होते असं नाही. त्या कामामागचा विचार आणि त्याचे सामाजिक, नैतिक परिणाम यांवरची टीकाही समीक्षाच आहे, असं त्यांनी मानलं. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. पण आपलं कलम ज्या ब्रिटिश घराण्यातून आलं आहे त्या घराण्यातला तो आहे, आणि वाहिन्यांच्या वार्तांकनावर भाष्य करणाऱ्याला त्यात पक्की जमीन मिळते.

आपल्याकडे टीव्ही टुडे ही वृत्तवाहिन्यांची कंपनी आणि न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांच्यातला खटला याच जमिनीवर उभा आहे. न्यूजलाँड्रीने वाहिन्यांच्या क्लिप दाखवून त्यांच्यावर टीका केली. तक्रारीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचं यूट्यूब चॅनल गोठलं. टीव्ही टुडेने दोन कोटींची भरपाई मागत दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. जुलै २०२२ मध्ये एकल न्यायाधीशांनी वादींची बाजू प्रथमदर्शनी दखल घेण्याजोगी मानली, तरी अंतरिम मनाई दिली नाही. क्लिप रास्त वापरात येतात का, हे पुराव्यानंतर ठरेल, असं सांगितलं. निर्णय आधी आणि चौकशी नंतर, असं केलं नाही, हे मला त्या आदेशात महत्त्वाचं वाटतं.

आता वृत्तसंस्थांच्या बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं मान्य करायला हवं. वृत्तपत्राचं उत्पन्न जाहिरातीतून येतं, वाहिनीचंही. वृत्तसंस्थेचं उत्पन्न फुटेज विकण्यातूनच येतं. तिचा कॅमेरामन दंगलीत, पुरात, स्फोटाच्या ठिकाणी उभा राहतो आणि त्याने टिपलेलं दृश्य इतरांना विकून त्याचा पगार निघतो. त्या दृश्याचा ‘दृश्य म्हणून’ वापर फुकट झाला तर विकायला उरतं काय? १९९२ च्या लॉस एंजेलिस दंगलीत एका ट्रकचालकाला मारहाण होत असताना एका छोट्या वृत्तसंस्थेने हेलिकॉप्टरमधून ते टिपलं. केसीएएल या वाहिनीने परवाना मागितला, नकार मिळाला, तरीही चार मिनिटांतले तीस सेकंद दाखवले. बातमी प्रचंड महत्त्वाची होती यावर दुमत नव्हतं. तरीही १९९७ मध्ये अपील न्यायालयाने वाहिनीला सरळ सूट द्यायला नकार दिला. वाहिनीने त्या दृश्यावर काही म्हटलं नव्हतं, ज्या कामासाठी ते विकलं जातं त्याच कामासाठी वापरलं होतं.

‘बातमी सार्वजनिक आहे, म्हणून फुटेजही सार्वजनिक’ या समजाला हे उत्तर आहे. घटना कुणाच्या मालकीची नसते. ती तुम्ही सांगा, तिचे तपशील घ्या, तिचं चित्र काढा. ते विशिष्ट दृश्य मात्र कुणीतरी टिपलेलं असतं. जाता जाता सांगतो, दूरदर्शनच्या किंवा सरकारी खात्याच्या व्हिडिओलाही आपल्याकडे कॉपीराइट असतो. सरकारी म्हणजे सगळ्यांचं, हा अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा नियम आहे, आपला नाही. त्यामुळे ९ आणि ११ सेकंदांच्या क्लिप निव्वळ पार्श्वभूमीला असतील, तर ‘फक्त ११ सेकंद’ हा बचाव लंगडा आहे, हे त्या आठवड्यात क्रिएटरांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कबूल करायला हवं होतं. त्याच क्लिप दाखवून एएनआयने प्रकरण कसं मांडलं यावर टीका असती, तर मिनिटभराच्या क्लिपचाही बचाव मी केला असता.

पण म्हणून ‘एक सेकंदही नाही’ म्हणणारे बरोबर ठरत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स हे प्रकरण ऑगस्ट २०१२ मध्ये निकाली निघालं. एका लोकप्रिय गाण्यातले मोजके शब्द एका जनजागृतीच्या जाहिरातीत आले होते. खंडपीठाने सांगितलं की काही गोष्टी इतक्या क्षुल्लक असतात की कायद्याने त्यांत डोकं घालू नये. त्यासाठी त्यांनी हानी किती, निवाड्याचा खर्च किती, हेतू काय, असे निकष दिले. तेही आकड्याशिवाय. आणि पैसे कमावता म्हणजे रास्त वापर नाही, हाही तितकाच पोकळ समज आहे. पुस्तक परीक्षणं छापणारी वृत्तपत्रं धर्मादाय संस्था होत्या का? चॅनल फोर आणि कार्लटन जाहिरातींवर चालत होत्या. आपल्या कलम ५२ च्या त्या पोटकलमात ‘बिगर व्यापारी’ हा शब्दच नाही.

क्रिएटरांचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला पटतो. ते म्हणतात, तुम्ही आकडा देत नाही, ‘प्रसंगानुसार ठरेल’ म्हणता, आणि प्रसंगानुसार ठरवायला कोर्टात जायला पैसा आमच्याकडे नाही. मग पोरं दहा सेकंदांचा आकडा धरून बसली तर त्यांचं काय चुकलं? चुकलं एवढंच की आकड्याच्या आडोशाने त्यांना संरक्षण मिळत नाही. आणि उद्या कुणी खरंच आकडा कायद्यात घातला, तर पहिला बळी वरच्या उदाहरणातल्या बावीस सेकंदांचा जाईल. सजावटीच्या क्लिप नऊ सेकंदांवर सुखाने चालू राहतील आणि पुरावा म्हणून दाखवलेली क्लिप बेकायदा ठरेल.

त्यांची भीती खरी आहे, फक्त तिचं मूळ कलम ५२ मध्ये नाही, प्लॅटफॉर्मच्या व्यवस्थेत आहे. यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. ‘कंटेंट आयडी’चा क्लेम आला तर बहुधा उत्पन्न दुसऱ्याकडे जातं किंवा व्हिडिओ अडतो, चॅनलच्या जिवावर बेतत नाही. मालकाने रीतसर काढण्याची विनंती केली तर मात्र स्ट्राइक बसतो, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद होण्याची वेळ. स्ट्राइकला उत्तर म्हणून प्रति-नोटीस देता येते. ती दिली की तक्रारदाराला कामकाजाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. ऐकायला ठीक वाटतं. पण ती प्रति-नोटीस भरताना अमेरिकेबाहेरच्या माणसाला यूट्यूब जिथे आहे तिथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं आणि आपलं खरं नाव-पत्ता तक्रारदाराच्या हाती द्यावा लागतो. इचलकरंजीतला चॅनलवाला हे वाचून व्हिडिओ काढून टाकतो. न्यायाधीशाने काही ठरवायच्या आधीच प्रकरण संपतं. आणि तिसऱ्या स्ट्राइकच्या सावटाखाली मागितलेली परवान्याची किंमत ही बाजारातली किंमत राहत नाही, कारण घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची सोयच उरलेली नसते.

आपल्या कायद्याने या बाबतीत वेगळा विचार केला आहे, हे फार कुणाच्या चर्चेत आलं नाही. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ वाचा. मध्यस्थाकडे, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे, तक्रार करणाऱ्याने त्यात लेखी दाखवून द्यायचं आहे की तक्रारीतला वापर कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय त्याने हमी द्यायची आहे की तो सक्षम न्यायालयात दावा करेल आणि एकवीस दिवसांत आदेश आणेल. मध्यस्थाने छत्तीस तासांत मजकूर अडवायचा, पण एकवीस दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा उघडायला मोकळा. म्हणजे कोर्टाची पायरी चढण्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर आहे, व्हिडिओ टाकणाऱ्यावर नाही. हा नियम ज्या पोटकलमाखाली येतो ते यूट्यूबसारख्या ठिकाणाला किती लागू होतं यावर कायदेपंडितांत दुमत आहे. ते असू दे. त्यातला क्रम बरोबर आहे, आणि भारतातल्या तक्रारदाराने भारतातल्या चॅनलवर केलेल्या तक्रारीला हाच क्रम लावा, ही मागणी केंद्र सरकारकडे करता येते. कायद्यात कलम ६० सुद्धा आहे, निराधार कारवाईच्या धमकीविरुद्ध दाद मागण्याचं. स्ट्राइक ही त्या अर्थाने धमकी ठरते का, हे स्पष्ट करून घेता येईल.

त्या मे महिन्यात हजारो लोक नऊ सेकंद कमी की जास्त यावर भांडत होते. त्यांतल्या शंभरांनी जरी ‘तक्रारीत कलम ५२ चं उत्तर कुठे आहे?’ असं विचारलं असतं, तर वृत्तसंस्थेलाही आपली बाजू नीट मांडावी लागली असती आणि क्रिएटरलाही त्या नऊ सेकंदांत आपण काय दाखवत होतो हे सांगावं लागलं असतं.